राखी: ऑर्डरची शेवटची तारीख वेगळी, टपालाची वेगळी

मी घरी रेशमाच्या राख्या करते. त्यातल्या निम्म्याहून जास्त परगावच्या भावांकडे जातात. पहिल्या वर्षी लिस्टिंगमध्ये मी फक्त ‘अंतिम तारीख २०’ एवढंच लिहिलं होतं. एका ताईंनी २० तारखेला रात्री ऑर्डर दिली. त्यांच्या हिशेबाने त्या वेळेत होत्या आणि माझ्या हिशेबाने ती राखी त्याच दुपारी टपालात पडायला हवी होती. भावाला ती सण झाल्यावर मिळाली. चूक माझ्या वाक्याची होती, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

ऑर्डरची तारीख म्हणजे राखी करणारीचे हात कामाला लागण्याची वेळ. टपालाची तारीख म्हणजे तयार पाकीट काउंटरवर देण्याची वेळ. मधे राखी बनणं, पॅकिंग आणि सुट्ट्या असतात, म्हणून दोन्ही तारखा सणापासून उलट मोजत याव्या लागतात.

२०२६ चंच घ्या. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे राखीपौर्णिमा उशिरा, शुक्रवारी २८ ऑगस्टला आहे. पाकीट मंगळवारी २५ ला भावाच्या हातात पडावं असं मी धरते, कारण बुधवारी २६ ला ईद-ए-मिलादची सुट्टी आहे आणि नोकरीवाला भाऊ घरी नसला तर दुसऱ्या फेरीसाठी गुरुवार उरतो. लांबच्या शहराला मी टपालाचे पाच कामाचे दिवस देते. २३ ला रविवार आहे, म्हणजे टपालाची शेवटची तारीख बुधवार १९. नावाची राखी विणायला मला तीन दिवस लागतात: १७, १८ आणि १९ ची दुपार. त्याआधी १५ ला स्वातंत्र्यदिन आणि १६ ला रविवार. म्हणून ऑर्डर शुक्रवारी १४ च्या संध्याकाळपर्यंत यायला हवी. काम तीन दिवसांचं, पण दोन तारखांत अंतर पाच दिवसांचं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो राखी आधी बहिणीकडे जाणार असेल तेव्हा. तिला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहायची असते, अक्षता घालायच्या असतात. मग टपाल दोनदा होतं. १९ ही तारीख आता तिची होते आणि माझ्याकडून तिच्याकडे जायला आणखी तीन कामाचे दिवस लागतात. मला १३ लाच टाकावं लागतं, म्हणजे ऑर्डर सोमवारी १० ला. राखी तीच, भाऊ तोच, पण ‘थेट भावाकडे’ की ‘आधी माझ्याकडे’ यावर चार दिवस फिरतात. ऑर्डर घेताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारते.

आणि ‘पाठवली’ या शब्दावरही विसंबू नका. ट्रॅकिंग नंबर मिळाला म्हणजे पाकीट निघालं असं नाही. कुरिअरवाल्यांकडे लेबल आधी छापून नंबर घेता येतो आणि पाकीट घरातच पडून राहू शकतं. स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगमध्ये Item Booked दिसतं, तेव्हा ते काउंटरवर घेतलेलं असतं. साधं पाकीट पेटीत टाकणार असाल तर पेटीवरची पत्रं काढण्याची वेळ वाचा. ती टळली की तारीख एका दिवसाने पुढे गेली.

पॅकिंगचाही या तारखेशी संबंध आहे. चपटी राखी पाकिटात सहज जाते, पण उंच खड्यांच्या राखीला खोका लागतो आणि तो पेटीच्या फटीत जात नाही, काउंटरवरच द्यावा लागतो. पाकिटात राखी नेहमी खालच्या डाव्या कोपऱ्याकडे, पुठ्ठ्याला टाचून ठेवते. वर उजवीकडे तिकीट असतं, त्यावर शिक्का जोरात बसतो. खडा त्याखाली आला तर पाकीट तिथेच फाटतं. कुंकू कोरडं, चिमुकल्या प्लास्टिक पुडीत. कागदाच्या पुडीतून ते गळतं आणि पांढरं रेशीम डागतं.

दोऱ्याच्या लांबीतही अशीच गल्लत होते. ‘लांबी २२ सेंमी’ म्हणजे टोकापासून टोकापर्यंत. मधली नक्षी ४ सेंमीची असेल तर दोन्ही बाजूंना ९-९ उरतात. १८ सेंमीच्या मनगटाला वेढा घातल्यावर गाठीसाठी प्रत्येक टोकाला जेमतेम २ सेंमी हाती येतात, आणि एवढ्यात गाठ बसत नाही. म्हणून मी नक्षी सोडून प्रत्येक बाजूला १५ सेंमी ठेवते आणि तसंच लिहिते.

आता माझी लिस्टिंग अशी असते:

‘नावाची रेशमी राखी. नक्षी ४ सेंमी, चपटी. दोरा नक्षीच्या प्रत्येक बाजूला १५ सेंमी. पुठ्ठ्यावर टाचून, पाण्यापासून जपणाऱ्या पाकिटात. सोबत कोरडं कुंकू. थेट भावाकडे: ऑर्डर १४ ऑगस्ट संध्याकाळपर्यंत, मी टपालात टाकणार १९ ला. आधी तुमच्याकडे: ऑर्डर १० ऑगस्टपर्यंत, मी टाकणार १३ ला, तुम्ही १९ च्या आत टाका.’