पागोळीचं गणित

"काल 96 मिलिमीटर पाऊस झाला. मग छताचं पाणी उतरवायला केवढा पाइप बसवू?" शेजारच्या काकांनी परवा विचारलं. घराचं काम काढलेलं, हातात वर्तमानपत्र. प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्या 96 वरून उत्तर निघत नाही. का निघत नाही, ते सांगतो.

मिलिमीटर ही पाण्याची उंची आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचलं, तर ते बरोबर एक लिटर भरतं. काकांचं छत 120 चौरस मीटर आहे, तेही जमिनीवर पडणाऱ्या सावलीइतकं मोजून. पत्रा उतरता असला तरी उताराची लांबी धरायची नसते, कारण पाऊस आडव्या जागेच्या हिशोबाने पडतो. पुढचं सूत्र सोपं आहे:

Q = C × i × A ÷ 3600

Q म्हणजे सेकंदाला वाहणारे लिटर, i म्हणजे पावसाची तीव्रता, ताशी मिलिमीटरमध्ये, आणि A म्हणजे चौरस मीटर. C हा अपधाव गुणांक, पडलेल्या पाण्यातलं किती वाहून जातं ते सांगणारा. पत्र्याला तो साधारण 0.9 धरतात.

आता 96 ला 24 तासांनी भागलं तर ताशी 4 मिलिमीटर येतात आणि छतावरून सेकंदाला जेमतेम 0.12 लिटर. म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाची धार! पण पाऊस असा दिवसभर वाटून पडत नाही. त्याच दिवशी एखाद्या सरीत दहा मिनिटांत 15 मिलिमीटर पडले, तर तीव्रता ताशी 90 होते आणि छतावरून सेकंदाला 2.7 लिटर उतरतात. बावीसपटीहून जास्त. पन्हळ ओसंडते ती या दहा मिनिटांत.

मग किती मिनिटांची तीव्रता धरायची? या पद्धतीचा खरा गाभा इथे आहे आणि मला तो फार आवडतो. आयर्लंडचे अभियंते मुल्व्हनी यांनी 1851 मध्ये हा विचार मांडला. अंगणाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातलं पाणी गटाराच्या तोंडाशी यायला काही वेळ लागतो. सर त्याआधीच थांबली, तर लांबचं पाणी पोचेपर्यंत जवळचं वाहून गेलेलं असतं आणि सगळं अंगण एकाच वेळी कधीच वाहत नाही. उलट फार लांब काळाची सरासरी घेतली, तर तीव्रताच खाली येते, कारण जोराची सर थोडाच वेळ टिकते. म्हणून पाण्याला पोचायला जितका वेळ लागतो, तितक्याच काळाची तीव्रता घ्यायची. घरासाठी ती पाच-दहा मिनिटांची होते, शहराच्या मोठ्या नाल्यासाठी कितीतरी जास्त. एकच पाऊस पन्हळीला भारी आणि नाल्याला हलका असू शकतो.

नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की म्हैस, यावरून हा आकडा मिळत नाही. रस्त्यावर पाणी आलं की "ढगफुटी" म्हणण्यानेही नाही. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला 100 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. आपल्याकडची बहुतेक तुंबलेली गटारं त्याहून पुष्कळ कमी पावसात तुंबतात.

राहिला C. काकांच्या अंगणात 80 चौरस मीटर कोबा आहे आणि 100 चौरस मीटर काळी माती. कोब्याला 0.85 धरू. काळी माती मात्र रंग बदलते. जूनमध्ये तिला भेगा असतात, पहिला पाऊस ती गटागटा पिते. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरूनच निसटतं. म्हणून भिजलेल्या मातीचा गुणांक धरावा, समजा 0.5. ताशी 90 च्या सरीत कोब्यावरून 1.7 आणि मातीवरून 1.25 लिटर. छतासकट सेकंदाला 5.65 लिटर. उद्या काकांनी मातीवरही कोबा केला, तर तेच साडेसहा होतात आणि गटार मात्र तेवढंच राहतं.

मुंबईत हेच मोठ्या मापाने झालं. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस आणि 0.5 गुणांक धरून आखलेल्या होत्या. शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 50 मिलिमीटर आणि 1 हा गुणांक सुचवला. दोन्ही आकडे दुप्पट, म्हणजे त्याच जागेवरून चौपट पाणी.

काकांना मी दोन कामं सांगितली आहेत. एक सरळ भिंतींचा स्टीलचा डबा उघड्यावर, वळचणीपासून दूर ठेवायचा. जोराच्या सरीत दहा मिनिटांनी पट्टीने उंची मोजायची आणि सहाने गुणायची. त्याच वेळी उतरत्या पाइपाखाली 20 लिटरची बादली धरायची. छताला दोन पाइप आहेत, म्हणून ताशी 90 च्या पावसात ती पंधरा सेकंदांत भरायला हवी. पंचवीस सेकंद लागले, तर वर बघायचं: पन्हळीत पाला अडकलेला असेल, किंवा पाणी काठावरून भिंतीवर ओघळत असेल.