प्लेगची झडती आणि प्लेगची लस: लोक नेमके कशाविरुद्ध उठले होते?

करोनाच्या काळात एक वाक्य फार ऐकू यायचं, अजूनही येतं: “लशीला विरोध काही नवा नाही, १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळीही लोक उठले होते.” वाक्याचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. पुण्यात लोक उठले होते, पण लशीविरुद्ध नाही. तिथे प्लेग आवरायला नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याची मोहीम सुईची नव्हतीच. घरांची झडती, माणसांना वेगळं काढणं आणि घरं धुऊन-जाळून शुद्ध करणं, एवढंच तिचं स्वरूप होतं. लशीची भीतीही त्या काळात खरीच होती, पण ती वेगळ्या कारणांनी जन्मली, वेगळ्या गावांत भडकली आणि शमली तीही वेगळ्याच उपायांनी. दोन्ही एकाच पोत्यात भरल्या की पुणेकरांवर अन्याय होतो आणि लशीची गोष्टही कळत नाही.

सुरुवात मुंबईची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हा रोग पसरतो कसा, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. उंदरावरच्या पिसवेचा संबंध सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडला आणि तो सरकारी पातळीवर मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर समजूत एकच होती: रोग घाणीत राहतो आणि माणसाकडून माणसाकडे जातो. या समजुतीतून उपाय आपोआप ठरला. रोगी शोधा, घरातून हलवा, घरच्यांना छावणीत ठेवा, घर उकरा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि या सगळ्याला अमर्याद अधिकार मिळाले.

पुण्यात वॉल्टर रँड प्लेग समितीचा प्रमुख झाला आणि मार्च ते मे १८९७ या काळात झडत्या चालल्या. एका घरात काय व्हायचं ते नीट बघायला हवं, कारण विरोधाचं कारण तिथेच आहे. सकाळी गोऱ्या सोजिरांची तुकडी गल्ली अडवायची. दार उघडलं नाही किंवा कुलूप असलं तर ते फोडायचं. आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर सगळीकडे पायताणासकट शिरायचं. गाठ आली आहे का हे काखेत आणि जांघेत बघायचं असतं, त्यामुळे अंगावरचे कपडे बाजूला करायला लावायचे. स्त्रियांनाही उघड्यावर असं तपासलं गेल्याच्या तक्रारी तेव्हाच्या वृत्तपत्रांत पुन्हापुन्हा आल्या. नुसता ताप असला तरी संशयावरून माणूस इस्पितळात जाई आणि बाकीचं कुटुंब सेग्रिगेशन छावणीत. मागे रिकाम्या घराची जमीन उकरली जाई, भिंतींना चुना फासला जाई, अंथरुणं-पांघरुणं जाळली जात. परत आल्यावर घरात काय उरलं असेल याचा भरवसा नसे.

या माणसांना रोगाची भीती नव्हती असं नाही, उपचार नको होते असंही नाही. टिळकांनी याच काळात पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभारायला मदत केली आणि स्वतः शहर सोडलं नाही. सावित्रीबाई फुले तर मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. म्हणजे वैद्यकाला पुण्याचा नकार नव्हता. नकार होता तो घरात शिरणाऱ्या सोजिराला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीजवळ रँडवर गोळी झाडली आणि काही दिवसांनी तो मेला. त्या खुनाचं समर्थन करण्याचा इथे प्रश्न नाही. पण त्याला “लसविरोधी हिंसा” म्हणणं ही सरळसरळ चूक आहे.

या झडत्यांचा रोगावर परिणाम काय झाला? उलटा. घरात कोणी तापला की तो लपवला जाऊ लागला. मृत्यू दडवले जाऊ लागले, मयत वेगळ्याच रोगाच्या नावावर नोंदवलं जाऊ लागलं. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले आणि सामानासुमानासोबत रोगही घेऊन गेले. सरकारी आकडे लोकांच्या सहकार्याशिवाय मिळत नाहीत. मारून-मुटकून मिळवलेले आकडे खोटे असतात. एकच गोष्ट खरोखर उपयोगी होती, ती म्हणजे घर सोडून बाहेर राहणं. आणि ती आपल्या खेड्यांतले लोक स्वतःहूनच करत होते. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायचं. कारण माहीत नव्हतं, पण निरीक्षण अचूक होतं. सरकारने हेच लोकांच्या हाती सोपवलं असतं तर त्यांचं अर्धं काम झालं असतं, असं मला ठाम वाटतं.

आता लशीकडे. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्याने मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, ही त्याची युक्ती. मग ते तापवून मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचं. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती वापरली गेली.

लशीची भीती कुठून आली? एक कारण तिच्या स्वभावातच होतं. टोचल्यावर दंड सुजायचा, सपाटून ताप यायचा, एक-दोन दिवस माणूस आडवा. प्लेगची सुरुवातही तापानेच होते. शिवाय ज्याच्या अंगात रोग आधीच शिरला आहे त्याला लस वाचवत नसे, आणि तो टोचल्यानंतर दोन-चार दिवसांत मेला तर शेजाऱ्यांनी पाहिलं ते एवढंच: सुई टोचली आणि माणूस गेला. याला अडाणीपणा म्हणता येत नाही. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून काढलेला तो निष्कर्ष होता. फक्त न टोचलेले किती मेले, हा हिशेब समोर नव्हता.

तो हिशेब मांडला की चित्र पालटतं. बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिनने प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचलं आणि अर्ध्यांना तसंच ठेवलं. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ गेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला, ३ गेले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हे यातच दिसतं. पण एकाच छपराखाली राहणाऱ्यांत एवढा फरक पडला, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

दुसरं कारण मात्र झडतीनेच पेरलेलं होतं. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलं. त्यानंतर कुजबूज सुरू झाली की राणीचा राग शांत करायला इस्पितळात रोग्यांची काळजं काढून धाडतात. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हे लोकांनी पाहिलेलं होतं. राणीची गोष्ट त्यावर चढलेला मुलामा. आता याच सरकारचा माणूस हातात सुई घेऊन दारात आला, तर त्याच्यावर विश्वास कसा बसावा? वर टोचून घेतल्याचा दाखला असेल तर झडती आणि छावणीतून सूट मिळू लागली. सूट द्यायचा हेतू चांगला असेल, पण छावणी टाळायला घेतलेली लस म्हणजे धाकाने घेतलेलीच लस.

दोन्हींतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो १८९८ मध्ये. मार्च महिन्यात मुंबईत मदनपुऱ्याकडे विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीला बघायला गेलं आणि दंगल झाली. इथे वाद झडतीचा, सुईचा नाही. मे महिन्यात कलकत्त्यात दंगल झाली ती सक्तीने लस टोचणार या अफवेवरून. तिथे लस ऐच्छिक आहे असं सरकार सांगत होतं, तरी टोचणारा म्हणून संशय आलेल्यांना लोकांनी मारलं. जुन्या बातमीत “प्लेगवरून दंगा” एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे वाचताना पाहावं की लोकांची मागणी काय होती. “आमच्या बायकांना हात लावू नका, आमचा माणूस नेऊ नका” असेल तर तो झडतीचा विरोध. “आम्हाला टोचू नका” असेल तर तो लशीचा.

दोन्ही शमल्या कशा, हेही वेगळं. पहिला विरोध समजुतीने संपला नाही. झडती थांबवल्यावर संपला. १८९८-९९ पासून सरकारने सोजीर आणि सक्ती हळूहळू मागे घेतली. लशीच्या भीतीवर मात्र ओळखीच्या माणसाचा हात उपयोगी पडला. मुंबईत खोजा समाजाच्या तरुण आगाखानांनी सगळ्यांसमोर टोचून घेतलं, हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला, आणि त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी लस घेतली. लस तीच होती, डॉक्टरही तोच. फक्त पुढे करणारा माणूस आपला होता.

आणि मग पंजाबात घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात जिल्ह्यातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचलं गेलं. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले, आणि या एकोणिसांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर आला. त्याला पदावरून बाजूला व्हावं लागलं. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाजू पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. पण मुल्कोवालच्या शेजारच्या गावांना ते पाच वर्षांनी कळून उपयोग काय? तोवर अफवा होती; आता १९ खरी प्रेतं होती. लस घेणाऱ्यांची संख्या पंजाबात घसरली ती घसरलीच, आणि १९०७ या एका वर्षात त्या प्रांतात प्लेगने ६ लाखांहून जास्त माणसं गेली. त्या मृत्यूंचं खापर एकट्या मुल्कोवालवर फोडता येणार नाही, कारण तिथल्या लाखो लोकांपर्यंत लस पोहोचवण्याची ताकद सरकारकडे आधीही नव्हती.