पिळाच्या दोलनांवरून तारेचा दृढता गुणांक

तारेला पीळ दिला की ती किती विरोध करते, हे तिच्या पदार्थाच्या दृढता गुणांकावर ठरते. तो काढण्याची नेहमीची रीत अशी: तारेचे वरचे टोक चकात घट्ट आवळायचे, खालच्या टोकाला जड तबकडी आडवी टांगायची, तिला थोडे फिरवून सोडायचे आणि डावी-उजवी दोलने मोजायची. शार्ल कुलोंब यांनी १७८४ मध्ये धातूच्या तारांवर असेच प्रयोग केले. पिळाचा जोर तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हे त्यांनी दाखवले. उत्तर किती खात्रीने सांगता येईल, हे मुख्यतः या चौथ्या घातावरच अवलंबून असते.

सूत्र असे:

η = 8πIl / (T²r⁴)

येथे l ही दोन चकांमधल्या मोकळ्या तारेची लांबी, r तारेची त्रिज्या, T एका दोलनाचा काळ आणि I तबकडीचे निरूढी परिबल (वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग ÷ २) आहे.

एक उदाहरण घेऊ. पितळी तार ६०.० सेंमी लांब आणि ०.७१ मिमी व्यासाची आहे. तबकडी १.५०० किलोची, १२.०० सेंमी व्यासाची. वीस दोलनांना तीन खेपांत १६८.६, १६८.९ आणि १६८.७ सेकंद लागले. सरासरीवरून दोलनकाल ८.४३७ सेकंद येतो आणि गुणांक सुमारे ३६ गिगापास्कल.

वीस दोलने मोजण्याचे कारण साधे आहे. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंद धरली, तर एकाच दोलनात ती जवळजवळ अडीच टक्के होते. तीच चूक वीस दोलनांवर वाटली गेली की ०.१२ टक्क्यावर येते. काळाचा वर्ग होत असल्याने गुणांकात ती दुप्पट, म्हणजे पाव टक्का भरते. घड्याळ दाबायचे ते तबकडीवरची खूण मधल्या रेषेवरून जाताना. टोकाला तबकडी रेंगाळते आणि नेमका क्षण सापडत नाही.

मोजणीतली खरी फसगत वेगळीच असते. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटले, तर विसाच्या आकड्याला प्रत्यक्षात एकोणीसच दोलने झालेली असतात आणि गुणांक दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. तिन्ही खेपांना तीच चूक झाली, तर आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि शंकाही येत नाही. म्हणून दहाव्या दोलनाचीही वेळ टिपावी. अशा चुकीत दहाला ७५.९ आणि विसाला १६०.३ सेकंद येतील. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट नाही, एवढ्यावरून चूक उघडी पडते. दोन्हींतला फरक ८४.४ सेकंद मात्र बरोबर दहा दोलनांचा असतो, त्यामुळे प्रयोग वाया जात नाही.

पीळ लवचीकतेच्या मर्यादेत असेल, तर तो मोठा की लहान याने दोलनकाल बदलत नाही. मोठ्या आणि छोट्या पिळाचे काळ वेगळे आले, तर तार त्या मर्यादेबाहेर गेली, चकात सरकली किंवा तिला आधीचा मुरडा आहे असे समजावे. तबकडी लंबकासारखी झुलू लागली, तर ती थांबवून पुन्हा सोडावी.

आता त्रिज्या. स्क्रू गेजने एकदाच मोजून व्यास ०.७१ ± ०.०१ मिमी लिहिला, तर त्यातली चूक १.४ टक्के आणि गुणांकातली चौपट, ५.६ टक्के. लांबी, वस्तुमान, तबकडी आणि वेळ यांच्या चुका तिच्यापुढे नगण्य ठरतात. त्यामुळे उत्तर ‘३६ ± २ गिगापास्कल’ असेच लिहायचे. कॅल्क्युलेटरवर दिसले म्हणून जर्नलात ३६.०१६ उतरवणे म्हणजे घड्याळाची अचूकता तारेच्या नावावर खपवणे. पन्नास दोलने मोजूनही या ± २ मध्ये फरक पडत नाही. तो पडतो व्यास अनेक ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजल्याने, कारण तार क्वचितच पुरती गोल असते. सरासरीची अनिश्चितता ०.००४ मिमीवर आली, तर ३६.० ± ०.८ लिहिता येईल.

सरासरीने शून्य त्रुटी मात्र जात नाही. गेज मिटलेला असताना +०.०२ मिमी दाखवत असेल आणि ते वजा करायचे राहिले, तर व्यास ०.७३ होतो आणि गुणांक ३२.२ वर घसरतो. पडताळ्यासाठी त्याच तारेचा एक मीटर तुकडा तोलावा. पितळाची घनता ८.५ ग्रॅम प्रति घन सेंमी धरल्यास ०.७१ मिमीची तार ३.३७ ग्रॅम भरते आणि ०.७३ मिमीची ३.५६ ग्रॅम. पितळाची घनता मिश्रणानुसार एक-दोन टक्के इकडेतिकडे होते, पण हा फरक जवळपास सहा टक्क्यांचा असल्याने साध्या प्रयोगशाळेच्या तराजूवरही लपत नाही.