डेंगीत प्लेटलेट काउंट एका रात्रीत का वाढत नाही?

पावसाळा लागला की खानापूर, निपाणीकडनं आमच्या लॅबला रोज फोन येतात, "काल ४० हजार होता, आज ३८ झाला, वाढंना की ओ!" म्हणून हे एकदाच लिहून ठेवलंय.

प्लेटलेट म्हणजे आख्खी पेशी नव्हे, पेशीचा तुकडा. हाडातल्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाची भली मोठी पेशी असते, ती दुभंगत नाही, आतला डीएनए तेवढा दुप्पट-चौपट करत फुगत जाते आणि मग मगजातल्या रक्तवाहिनीत लांब शेपट्या सोडते, त्या शेपट्या तुटल्या की झाल्या प्लेटलेट, एका पेशीतनं हजार ते तीन हजार. पण ही पेशी पिकायलाच साधारण पाच दिवस लागतात, घोळ तिथंच आहे.

आता ऑर्डर कोण देतं? लिव्हर. ते थ्रॉम्बोपोएटिन नावाचं हार्मोन जवळपास एकाच वेगानं सोडत राहतं. रक्तातल्या प्लेटलेट ते शोषून संपवतात, म्हणून प्लेटलेट कमी झाल्या की हार्मोन उरतं, ते मगजात पोचतं आणि तिथं काम वाढतं. (बाहेरनं चढवलेल्या प्लेटलेटसुद्धा हे हार्मोन शोषतात, शिवाय त्या टिकतात थोडेच दिवस. म्हणून रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा बघून डॉक्टर सहसा चढवत नाहीत.)

समजा एका पोराचा काउंट तापाच्या तिसऱ्या दिवशी १,४०,००० आहे, पाचव्या दिवशी ६२,०००, सहाव्याला ३८,०००. डेंगीत मगज काही दिवस दबतो, रक्तात असलेल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होतात, म्हणून ताप उतरला तरी आकडा खालीच. मग आठव्याला ५५,०००, दहाव्याला लाखाच्या वर. पपईच्या पानाचा रस बहुतेक लोक सहाव्या-सातव्या दिवशी सुरू करतात, तेव्हा आकडा तसाही वर यायचाच असतो, आता श्रेय कुणाला द्यायचं तुम्हीच बघा.

अंगदुखीला ॲस्पिरिन मात्र घेऊ नका. प्लेटलेट जखमेला चिकटतात आणि एकमेकींना बोलावून बूच बसवतात, ॲस्पिरिननं ती हाक बंद पडते, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळं ती दुरुस्ती करू शकत नाही, आयुष्यभर म्हणजे आठ-दहा दिवस तशीच राहते. म्हणजे आकडा बरा दिसला तरी काम अर्धवटच.

पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतनं रक्त किंवा काळी शी होतेय, तर काउंट कितीही असू दे, लगेच दवाखाना गाठा. आणि अंगावर एक ठिपका नाही, त्रास काही नाही, तरी रिपोर्टात २० हजार आलंय, तर आम्हाला रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. काहींच्या प्लेटलेट जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनामुळं एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मशीन त्या मोजत नाही. तेव्हा सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतो, खरा आकडा कळतो.