नांगरावरचे दगड काढा, टॉपलिंक पाहा

अखाजीला आठवडा होता. यावलहून चोपड्याकडे जाताना, गहू निघालेल्या एका काळ्या शेतात ट्रॅक्टर पलटी नांगर ओढत होता आणि नांगराच्या चौकटीवर दोन मोठे दगड दोरीने बांधले होते. थांबून विचारलं, तर चालक पोरगा म्हणाला, "माटी जड शे ना भाऊ, नांगर खोल जात नई."

तापीकाठच्या किती गावांत हे दगड पाहिले असतील! त्यामागे एक गैरसमज आहे: दांडा खाली केला की हायड्रॉलिक नांगराला जमिनीत दाबतं, आणि ते कमी पडलं की वरून वजन द्यायचं. नेहमीच्या शेती ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक फक्त उचलू शकतं. तेल सिलिंडरमध्ये शिरलं की उचलणारे हात वर जातात, तेल सोडलं की अवजार स्वतःच्या वजनाने खाली येतं. दाबण्याची सोय त्यात नाहीच. नांगर खोल जातो तो फाळाच्या तिरक्या टोकामुळे. पुढे ओढलं की ते टोक मातीत शिरत जातं.

इंजिनाची ताकद मातीपर्यंत मुख्यतः दोन वाटांनी जाते. एक वाट पीटीओची. ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला हा खाचांचा दांडा ठरलेल्या गतीला मिनिटाला 540 फेरे घेतो, आणि रोटाव्हेटर, फवारणीचा पंप किंवा मळणीयंत्र त्यावर चालतं. दुसरी वाट टायरची: टायर जमीन पकडतो आणि अवजार ओढतो. नांगराला ही दुसरीच वाट आहे. टायर घसरला की इंजिनात कितीही ताकद असली तरी ती मातीला पोचत नाही.

आता नांगर ट्रॅक्टरला बांधणाऱ्या तीन जोडांकडे पाहू. खालचे दोन हात नांगराला ओढतात. वरचा टॉपलिंक मात्र नांगर मातीत असताना ओढत नाही, तो ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. कारण साधं आहे. माती फाळाला मागे खेचते, आणि फाळ खालच्या हातांच्या जोडाच्याही खाली असतो. म्हणून नांगराचं बूड मागे राहतं आणि डोकं पुढे झुकू पाहतं. ते डोकं टॉपलिंकला रेटतं. माती जितकी कठीण, तितका रेटा जास्त.

या रेट्याचा उपयोग हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने केला. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई होती आणि ट्रॅक्टरची नांगरट कशी सुधारेल हे पाहत तो आयर्लंडभर फिरत होता. तेव्हा नांगर मागे नुसता अडकवलेला असे. तो खडकाला अडला की चाकं जागीच थांबत, आणि इंजिन ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलून चालकाच्या अंगावर उलटवी. टॉपलिंकच्या रेट्याने तोंड खाली दाबलं जातं, म्हणून हा धोका बराच कमी झाला. (साखळीने खोड ओढताना साखळी टॉपलिंकच्या खोबणीला कधीच बांधू नका. ती खालच्या ड्रॉबारलाच हवी, नाहीतर तोच जुना अपघात परत होतो.) फर्ग्युसनची ही रचना 1936 पासून बाजारात आलेल्या ट्रॅक्टरवर होती. आपल्याकडे ज्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात, त्या मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच.

पण त्याने यापुढे केलं ते मला सर्वांत सुंदर वाटतं. त्याने टॉपलिंकच्या मुळाशी एक जाड स्प्रिंग बसवली. रेटा वाढला की स्प्रिंग दबते आणि तिच्याशी जोडलेली पट्टी हायड्रॉलिकची झडप किंचित उघडते. तेल सिलिंडरमध्ये जातं आणि नांगर जरासा उचलला जातो. माती कमी कापली जाते, रेटा उतरतो, स्प्रिंग मोकळी होते, झडप बंद. फ्रिज थंड झाला की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो, तशीच ही गोष्ट, फक्त इथे तापमानाऐवजी ओढ मोजली जाते. यालाच ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात.

यातला खरा लाभ आकड्यांत पाहू. दोन फाळांचा नांगर मिळून 60 सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर खोल कापतो, म्हणजे 1500 चौरस सेंटिमीटर. जड काळ्या मातीत दर चौरस सेंटिमीटरला 0.7 किलोचा जोर धरला तर ओढ 1050 किलो. ट्रॅक्टर दोन टनांचा आणि मागच्या चाकांवर 1300 किलो असतील, तर कोरड्या रानात टायरला वजनाच्या साधारण 0.6 पट पकड मिळते, म्हणजे 780 किलो. टायर घसरणारच. आता 400 किलोचा नांगर हायड्रॉलिकने उचलून धरला आणि तो मागच्या आसापासून 1.2 मीटरवर असला, पुढच्या-मागच्या आसांत दोन मीटर अंतर धरलं, तर तरफेच्या नियमाने पुढची चाकं 240 किलोंनी हलकी होतात, आणि मागच्या चाकांवर 640 किलो वाढतात. पकड 1160 किलोंवर जाते. नांगरताना नांगराचं सगळंच वजन उचललेलं नसतं. पण झडप उघडते त्या क्षणी त्यातला मोठा वाटा, आणि फाळावर दाबलेल्या मातीचं थोडं ओझंही, टायरवर येतं. म्हणजे टायरला वजन हवं असतं, नेमकं तेव्हाच ते मिळतं.

त्या पोराच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिकचे दोन दांडे होते, एक पोझिशनचा आणि एक ड्राफ्टचा, पण तो फक्त पोझिशनचा वापरत होता. त्याने नांगर ट्रॅक्टरच्या तुलनेत एका उंचीवर अडकून राहतो. पुढचं चाक ढेकळावर चढलं की मागे नांगर खोल घुसतो, आणि उतरलं की वर येतो. आम्ही दगड काढले. टॉपलिंक दोन फेरे आखूड केला, कारण तो लांब असल्याने नांगराची टाच घासत होती आणि फाळाचं टोक वर राहत होतं. पोझिशनचा दांडा पूर्ण खाली केला आणि ड्राफ्टच्या दांड्याने खोली लावली. शेतात दोन फेऱ्या मारल्यावर नांगर नीट बसला. चालू ट्रॅक्टरमागे उभं राहून पाहिलं, तर उचलणारे हात बोटभर वर-खाली हलत होते. ड्राफ्ट कंट्रोल काम करतंय याची ती खूण. टॉपलिंक फार आखूड केला तर उलटं होतं: टाच उचलली जाते आणि नांगर नाकावर चालून टोक लवकर झिजतं.

याला मर्यादाही आहे. एकाच शेतात काळी माती आणि मध्येच भुसभुशीत पट्टा असेल, तर ओढ सारखी ठेवण्याच्या नादात नांगर भुसभुशीत जागी जास्त खोल जातो. तिथे काही ट्रॅक्टरवर असलेली पोझिशन आणि ड्राफ्ट यांची मिश्र सोय कामी येते. मोठ्या ट्रॅक्टरवर ही ओढ टॉपलिंकऐवजी खालच्या हातांत मोजतात, कारण अवजार फार जड असलं की टॉपलिंकमध्ये रेट्याऐवजी ताण येतो.

रोटाव्हेटरला मात्र ड्राफ्ट लावून उपयोग नाही. त्याची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात, त्यामुळे स्प्रिंगला मोजायला ओढच उरत नाही. तिथे खोली बाजूच्या स्किडने ठरवतात आणि ताकद पीटीओने येते. बांधाशी वळताना पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर उंच उचलला की पीटीओपासून रोटाव्हेटरपर्यंतचा जोडदांडा खडखडतो, कारण त्याच्या दोन टोकांचे कोन सारखे राहत नाहीत. आधी पीटीओ बंद करावा, मग उचलावं.

त्या ट्रॅक्टरच्या पुढे लिंबू-मिरची होती, मागे पीटीओचं कव्हर नव्हतं. 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. सहा सेंटिमीटर जाडीच्या जोडदांड्यावर सेकंदाला पावणेदोन मीटर कापड गुंडाळलं जातं. गळ्यातलं दोन मीटरचं उपरणं सव्वा सेकंदात संपतं, हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. नजर लागून हे होत नाही आणि लिंबाने थांबत नाही. जोडदांड्याचं कव्हर प्लॅस्टिकचं मिळतं, ते दांड्याबरोबर फिरू नये म्हणून त्याची साखळी ट्रॅक्टरला अडकवावी लागते. पोराने उपरणं कमरेला खोचलं आणि कव्हर कुठे मिळेल ते विचारून घेतलं.