‘नाइस’ नावाचं गाव: क्रिप्टिक कोड्यांतले परके शब्द

इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोड्याच्या क्लूमध्ये सहसा दोन गोष्टी असतात: उत्तराची व्याख्या आणि उत्तराची अक्षरं जुळवायची युक्ती. अशा क्लूमध्ये ‘द फ्रेंच’ दिसलं की मुरलेला सोडवणारा फ्रेंच माणसांचा विचारच करत नाही. तो एल-ई, एल-ए किंवा एल-ई-एस लिहून बघतो, कारण इंग्रजी ‘द’ला फ्रेंचमध्ये हे तीन पर्याय आहेत. ‘बिल विथ द फ्रेंच पीस ऑफ फर्निचर’ हा क्लू घ्या. बिल म्हणजे ‘टॅब’, त्याला ‘ल’ची दोन अक्षरं जोडली की ‘टेबल’. व्याख्या फक्त ‘पीस ऑफ फर्निचर’ एवढीच. वाचताना ‘फ्रेंच’ फर्निचरला चिकटतं आणि तिथेच घोटाळा होतो.

या प्रकाराची मुळं इंग्लंडमधल्या शाळेत आहेत. 1926 पासून ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रात टॉर्केमाडा या नावाने पॉइस मॅथर्स कोडी रचू लागले, तेव्हा त्यांच्या वाचकांनी लॅटिन आणि फ्रेंच शाळेतच गिरवलेलं होतं. नियम मात्र सैल होते. 1949 मध्ये अॅफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या लेखकाने सेटरसाठी, म्हणजे कोडी रचणाऱ्यांसाठी, दंडक सांगितला: वरवरचा अर्थ खोटा असला तरी चालेल, पण शब्दांनी नेमकं तेच सांगितलं पाहिजे जे तुम्हाला सांगायचं आहे. टॉर्केमाडांची जागा घेणाऱ्या झिमेनिस यांनी 1966 च्या पुस्तकात हीच शिस्त तपशीलाने मांडली. या शिस्तीत परका शब्द गुपचूप आणता येत नाही. तो कुठल्या भाषेतला हे क्लूमध्येच कळायला हवं. ‘कॅफे’सारखा इंग्रजीत मुरलेला शब्द मात्र तसाच चालतो.

मग सेटर खूण लपवायच्या मागे लागले. ‘इन पॅरिस’, ‘माद्रिदमधला’ या उघड खुणा झाल्या. खरी गंमत फ्रान्समधल्या नीस शहराची. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग ‘नाइस’चंच. ‘नाइस फ्रेंड, क्वाएट, फ्रॉम अ प्लेन-लिव्हिंग सेक्ट’ यात नीसमधला मित्र म्हणजे ‘आमी’ (ए-एम-आय), गप्प करणारा ‘श’ (एस-एच), आणि उत्तर ‘अमिश’. ‘नाइस’ वाक्याच्या सुरुवातीला आहे, म्हणून त्याचं कॅपिटल अक्षर कुणाला खटकत नाही. तोच शब्द वाक्याच्या मधे लहान अक्षराने घातला तर झिमेनिसच्या मते ती फसवणूक: कॅपिटल जास्तीचं लावता येतं, हवं तिथलं काढता येत नाही. देवनागरीत ही चाल जमणारच नाही, आपल्याकडे कॅपिटलच नाही.

शब्दसंग्रह तुटपुंजाच असतो: फ्रेंचचे ‘रोआ’ म्हणजे राजा, ‘रू’ म्हणजे रस्ता, ‘ओ’ म्हणजे पाणी, स्पॅनिशचा ‘एल’ आणि जर्मनचा ‘देर’ म्हणजे ‘द’, जर्मनचाच ‘उंड’ म्हणजे ‘आणि’. उच्चारचिन्हं चौकटीत गळतात, म्हणून ‘समर इन फ्रान्स’ सरळ ई-टी-ई होतं. अडकायला होतं ते लिंग-वचनावर. क्लू कधीच सांगत नाही की ‘द’ पुल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी; छेदणारी अक्षरं येईपर्यंत दुसरं अक्षर पेन्सिलीनेच लिहावं.