चार कोपरे, शंभर फ्रेम

ओट्याशी उभी असलेली आई फोन उचलते. मुलाचा मेसेज आलेला असतो, ती तो वाचते आणि अंगठ्याने वर सरकवते. प्रसंग चार सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने शंभर फ्रेम. शूटिंगच्या वेळी तो फोन बंद होता. मेसेजची चौकट, टाइप होताना उड्या मारणारे तीन ठिपके, सरकणारी यादी हे सगळं नंतर अ‍ॅनिमेशन म्हणून तयार केलं आणि काचेवर बसवलं.

खरा चालू स्क्रीन का शूट करत नाहीत? एक तर स्क्रीनच्या उजळण्या-विझण्याचा वेग कॅमेऱ्याशी जुळला नाही की आडवे पट्टे फिरताना दिसतात. शिवाय मेसेज नेमक्या कोणत्या क्षणी यावा हे संकलनाच्या टेबलावर ठरतं, आणि तोच प्रसंग हिंदीत डब झाला तर मेसेजही हिंदीत लागतो. म्हणून काच कोरी ठेवतात.

अ‍ॅनिमेशन बनतं सपाट, १०८० बाय २४०० पिक्सेलचा सरळ उभा आयत. शॉटमध्ये मात्र फोन हातात कललेला असतो, आणि त्याचा आयत वाकडा चौकोन झालेला असतो. आयताचे चार कोपरे त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर टाचायचे, याला म्हणतात कॉर्नर पिन. हे फ्रेमगणिक होत राहिलं की झाला ट्रॅक केलेला कॉर्नर पिन. कोपरे टाचले म्हणजे आतलं चित्र आपोआप बरोबर बसेल असं वाटतं, पण ते कसं ताणायचं यातच सगळं गणित आहे.

टेबलावर तिरका ठेवलेला मॉनिटर घ्या. चित्रात त्याची डावी कडा ४०० पिक्सेल उंच आहे. उजवी कॅमेऱ्यापासून दूर असल्याने ३०० च आहे. दोन्ही कडांमधलं आडवं अंतर ४००. स्क्रीनचा उभा मध्य चित्रात कुठे येईल? साधा ताण दिला तर २०० वर. पण दोन कर्ण काढून बघा. खऱ्या आयतात कर्ण मध्यावर छेदतात, आणि सरळ रेषा कॅमेऱ्यातून पाहिली तरी सरळच राहते, म्हणून चित्रातही कर्णांचा छेद हाच मध्य. तो येतो डाव्या कडेपासून सुमारे २२९ पिक्सेलवर. जवळच्या अर्ध्या भागाला २२९ पिक्सेल मिळतात, लांबच्याला १७१. एकोणतीस पिक्सेलची ही चूक कुणालाही खटकते, फक्त काय खटकतंय ते सांगता येत नाही. कर्णाचा हा पडताळा फार जुना आहे. इटलीच्या लिऑन बात्तिस्ता अल्बेर्तीने १४३५ साली चित्रकारांना फरशी रंगवताना तो सांगितला होता: तिरपी रेषा चौकटींच्या कोपऱ्यांतून सरळ गेली तर फरशी बरोबर.

सपाट आयतातला x, y या जागेचा बिंदू शॉटमध्ये x', y' वर नेणारं, बरोबर ताण देणारं सूत्र असं:

```
x' = (a*x + b*y + c) / (g*x + h*y + 1)
y' = (d*x + e*y + f) / (g*x + h*y + 1)
```

सगळी जादू त्या भागाकारात आहे. लांबच्या बाजूला खालची संख्या मोठी होते आणि तिथलं चित्र आकसतं. अज्ञात अक्षरं आठ. प्रत्येक कोपरा दोन समीकरणं देतो, एक आडव्या जागेचं आणि एक उभ्या. चार कोपऱ्यांची आठ समीकरणं, आठ अज्ञात, उत्तर एकच. म्हणून तीन कोपरे पुरत नाहीत आणि पाचव्याची गरज नसते. याचा एक सुंदर परिणाम अ‍ॅनिमेशनमध्ये दिसतो. सपाट आयतात एकसारख्या वेगाने सरकणारी डाउनलोडची पट्टी तिरक्या मॉनिटरवर लांबच्या टोकाकडे जाताना हळू होत जाते. ते अ‍ॅनिमेटरने करायचं नसतं, भागाकार करतो.

आता चार कोपरे प्रत्येक फ्रेममध्ये शोधायचे. नवीन माणूस चार कोपऱ्यांवर एकेका ठिपक्याचा फ्रेमगणिक पाठलाग करणारे चार ट्रॅकर ठेवतो आणि तिथेच फसतो. आजच्या फोनचे कोपरे गोल असतात, म्हणजे आयताचा खरा कोपरा मुळात दिसतच नाही. तो दोन कडा वाढवल्यावर त्या जिथे भेटतील तिथे, हवेत असतो. त्यात आईचा अंगठा चाळिसाव्या फ्रेमनंतर खालचा उजवा कोपरा झाकतो. झाकलेला कोपरा ट्रॅकर शोधणार कुठे? तो अंगठ्यालाच चिकटतो आणि मेसेज एका बाजूने ओढला जातो.

उपाय म्हणजे कोपऱ्यांमागे न लागता अख्ख्या पृष्ठभागाचा पाठलाग करायचा. मुळाशी कल्पना ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी १९८१ मध्ये मांडलेली: चित्राचा एक तुकडा पुढच्या फ्रेममध्ये किती सरकवला तर उजेड-अंधाराचा फरक कमीत कमी उरेल, ते पिक्सेलच्या बदलांवरून काढायचं. सपाट पृष्ठभागाचा ट्रॅकर तुकड्याला नुसतं सरकवत नाही, वरच्या आठही संख्या बदलून पाहतो. अज्ञात आठ आणि पुरावा द्यायला हजारो पिक्सेल, त्यामुळे थोडे झाकले गेले तरी बाकीचे निभावून नेतात. कोपरे शेवटी या आठ संख्यांवरून काढले जातात, दिसत असोत वा नसोत.

पण त्याला दाखवायचं काय, हे माणसाने ठरवायचं असतं. मी काचेभोवतीच्या चौकटीवर आकार काढतो आणि आतली काच त्यातून वगळतो. कारण काच आरसा आहे. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेवर दिसलं तरी ते काचेच्या मागे, ट्यूबलाइट काचेपासून जेवढी दूर तेवढंच खोल असल्यासारखं हलतं. फोन कलला की ते वेगळ्याच वेगाने सरकतं आणि ट्रॅकला सोबत नेतं. फोनच्या कव्हरची बाहेरची कडाही घ्यायची नाही. ती काचेच्या पातळीत नसते, फोन वळला की कव्हरची बाजू दिसू लागते आणि आकार तिकडे झुकतो. उरते ती पुढची बारीक चौकट. एका सरळ कडेवरून तिच्याच दिशेने झालेली हालचाल कळत नाही, पण आडव्या आणि उभ्या कडा मिळून एकमेकींची ही उणीव भरून काढतात.

ट्रॅक पहिल्या फ्रेमपासून सुरू करायची सवय मी मोडली आहे. प्रत्येक फ्रेममागे ०.०५ पिक्सेलची चूक एकाच दिशेने साठली तर शंभराव्या फ्रेमला पाच पिक्सेल होते. शॉटमध्ये फोन जेमतेम ३०० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे कडेला काळी फट स्पष्ट दिसणार. मी फोन जिथे सगळ्यांत मोठा, सरळ आणि स्वच्छ दिसतो ती फ्रेम निवडतो. या शॉटमध्ये ती अडतिसावी होती, अंगठा येण्याच्या अगदी आधीची. तिथून मागे आणि पुढे ट्रॅक करायचा. साठणारी चूक आता जास्तीत जास्त सुमारे तीन पिक्सेल.

ती दिसते कशी? सूत्र उलटं चालवायचं. वाकड्या चौकोनाचा पुन्हा सरळ आयत करायचा आणि शंभर फ्रेम चालवून बघायच्या. ट्रॅक बरोबर असेल तर फोनची चौकट पडद्यावर खिळ्याने ठोकल्यासारखी स्थिर राहते, हलतात फक्त अंगठा आणि प्रतिबिंबं. एखादा कोपरा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल तर तिथे दुरुस्ती. ती चार-पाच फ्रेमवरच करायची आणि मधलं संगणकाला भरू द्यायचं. हाताने प्रत्येक फ्रेम सुधारली तर हाताची अर्ध्या पिक्सेलची चूक दर वेळी वेगळ्या दिशेला जाते आणि हळू सरकणारा ट्रॅक थरथरू लागतो. सरकणं एक वेळ खपतं, थरथर कधीच खपत नाही.

एकदा माझा सहकारी म्हणाला, “दादा, चारही कोपरे चोख बसलेत, तरी वरच्या कडेला मध्येच फट दिसते.” तो मॉनिटरचा शॉट होता, रुंद भिंगाने घेतलेला. मी दोन कोपऱ्यांत पट्टी धरायला सांगितली. मॉनिटरची कडा मधोमध तीन पिक्सेल बाहेर फुगली होती. आपलं सूत्र सरळ रेषा सरळच ठेवतं, त्यामुळे भिंगाने आणलेला बाक त्यात कधीच बसणार नाही. आधी शॉटमधला बाक काढायचा, मग ट्रॅक करायचा, आणि अ‍ॅनिमेशन बसवल्यावर त्यालाही तोच बाक द्यायचा.

अंगठा अ‍ॅनिमेशनच्या वर दिसावा म्हणून त्याच्या आकाराचा मास्क हाताने काढावा लागतो. फोनवर हिरवा रंग लावला असता तर हे काम सोपं झालं असतं, पण हिरवा उजेड अंगठ्यावर पडतो आणि प्रतिबिंबं वापरण्याजोगी राहत नाहीत. बंद काळी काच मला म्हणूनच आवडते. समोरून पडलेल्या उजेडातला साधारण चार टक्के साध्या काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परत येतो. बंद फोनच्या काळ्या काचेवर जे दिसतं ते जवळपास सगळं हे परतलेलं असतं. खऱ्या आयुष्यात स्क्रीनचा उजेड आणि हा परतलेला उजेड यांची नुसती बेरीज होते. म्हणून मूळ शॉटमधली काच अ‍ॅनिमेशनवर बेरजेने पुन्हा घालायची, आणि बेरीज करण्याआधी व्हिडिओच्या आकड्यांचं खऱ्या प्रकाशमानात रूपांतर करायचं. अंधारातल्या प्रसंगात मात्र बंद फोन चालत नाही, कारण चेहऱ्यावर स्क्रीनचा उजेड हवा असतो. तिथे फोनवर मंद राखाडी लावून शूट करावं.

फोन उचलतानाच्या फ्रेममध्ये तो एका फ्रेममागे २० पिक्सेल सरकतो. शटर फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं, १/५० सेकंद, म्हणून मूळ चित्रात दहा पिक्सेलचा फराटा आहे. अ‍ॅनिमेशनलाही तेवढाच फराटा हवा, नाहीतर ते स्टिकरसारखं वर तरंगतं. साध्या कॉर्नर पिनमध्ये तो आपोआप येत नाही, म्हणून ट्रॅक बाहेर काढताना मोशन ब्लर चालणारा पर्याय निवडावा.

आणि शेवटी शिरोरेषा. इंग्रजी मजकूर सुटा सुटा असतो. देवनागरी शब्दाच्या डोक्यावर एक लांब, बारीक रेषा असते. आमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये ती चार पिक्सेल जाड होती. १०८० ची रुंदी ३०० झाली तेव्हा उरली जेमतेम १.१ पिक्सेल. फोन थोडा कलला की एवढी बारीक रेषा पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि हात हलला की त्या पायऱ्या रेषेवरून मुंग्यांसारख्या चालू लागतात. ट्रॅक निर्दोष होता, तरी “मेसेज हलतोय” असा निरोप आला. मी जाड वळणाचा फाँट घेतला, अक्षरं दीडपट मोठी केली, चित्र लहान करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेणारी पद्धत लावली, आणि शॉटमधल्या चौकटीची कडा जेवढी मऊ होती तेवढं मऊपण मजकुराला दिलं. अंगठ्याने सरकवतानाही “पोचलो, जेवलो, काळजी नको” नीट वाचता येत होतं.